उलट्यांची साथ आणि दारावरची बाटली

कोरोनाच्या काळात वसतिगृहांच्या भोजनगृहाच्या दारावर सॅनिटायझरची बाटली टांगली गेली, ती अजून तशीच आहे. आम्ही संध्याकाळी ज्या वसतिगृहात मुलांचा अभ्यास घेतो, तिथेही आहे. मुले दोन थेंब हातावर चोळतात आणि दस्तरखानावर येऊन बसतात. बऱ्याच जंतूंसाठी एवढे पुरते. पण नोरोव्हायरस नावाच्या विषाणूला या बाटलीचा फारसा धाक नाही.

1968 साली अमेरिकेत ओहायो राज्यातील नॉर्वॉक गावच्या एका शाळेत उलट्यांची साथ आली होती. त्या गावावरूनच विषाणूला हे नाव पडले. आपल्या देशात नोव्हेंबर 2021 मध्ये केरळच्या वायनाड जिल्ह्यात एका पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या 13 विद्यार्थ्यांना याची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. जिथे माणसे एका छताखाली झोपतात, एका स्वयंपाकघरातले जेवतात आणि मोजकेच संडास वापरतात, तिथे हा विषाणू झपाट्याने पसरतो.

शिळ्या अन्नाची विषबाधा आणि ही साथ यांत लोक गल्लत करतात. बऱ्याच विषबाधांमध्ये जेवलेली सगळी मुले काही तासांतच एकदम आजारी पडतात. नोरोव्हायरस शरीरात शिरल्यावर 12 ते 48 तासांनी अचानक उलट्या, जुलाब, पोटात मुरडा सुरू होतो आणि एक ते तीन दिवसांत बहुतेकांना बरे वाटते. आज दोघे, उद्या त्यांच्या खोलीतले चौघे, परवा फरशी पुसणारी बाई, अशी साखळी दिसली की याचा संशय घ्यावा. खात्री मात्र शौचाच्या तपासणीनेच होते.

सॅनिटायझर इथे कमी का पडते? कोरोनाच्या विषाणूवर चरबीचे आवरण असते. अल्कोहोल ते विरघळवते आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसवर चरबी नसतेच, असते ते प्रथिनांचे घट्ट कवच. शिवाय रोग्याच्या शौचात कोट्यवधी विषाणू असतात आणि आजार व्हायला त्यातले काही थोडेसेच पुरतात. म्हणजे सॅनिटायझरने बरेचसे मेले, तरी उरलेले भारी पडतात. साबणही त्यांना मारत नाही, पण हातावरून सुटे करतो आणि वाहते पाणी त्यांना घेऊन जाते. म्हणून निदान वीस सेकंद, नखांसकट चोळून धुणे महत्त्वाचे. वुजूने हात धुतले जातातच, असे काही मुले म्हणतात. पण संडासातून आल्यावर आधी साबण, मग वुजू. आणि सगळ्यांचा एकच टॉवेल नको.

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत 2006-07 च्या हिवाळ्यानंतर 91 वृद्धाश्रमांची पाहणी झाली. जिथे कर्मचारी साबणाइतकेच किंवा त्याहून जास्त सॅनिटायझर वापरत, तिथे नोरोव्हायरसची साथ येण्याची शक्यता बरीच जास्त आढळली. एका पाहणीने कारण सिद्ध होत नाही, पण वरच्या कारणमीमांसेशी हे जुळते.

आता रात्री दहा वाजता एका मुलाने खोलीत उलटी केली असे समजा. कोणीतरी फिनेल आणि पोछा आणतो आणि तोच पोछा सगळ्या खोलीभर फिरवतो. साथ पसरवण्याची ही खात्रीची रीत! उलटीचे बारीक तुषार हवेत उडून आसपासही बसलेले असतात, म्हणून आधी बाकीच्या मुलांना बाहेर काढावे आणि खिडक्या उघडाव्यात. एकाच माणसाने हातमोजे व मास्क घालून उलटीवर जुनी वर्तमानपत्रे टाकावीत, कडेकडून आत गोळा करावे आणि पिशवीत घालून तोंड बांधावे. मग साबणपाण्याने जागा पुसावी. घाण राहिली तर क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतो. त्यानंतर पाच टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट, एक पेला औषधाला नऊ पेले पाणी या प्रमाणात ओतावे आणि निदान पाच मिनिटे ओले राहू द्यावे. ते नसेल तर एक लिटर पाण्यात 15 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर चालते. उघड्या डब्यातल्या जुन्या पावडरीचा जोर गेलेला असतो. संडास साफ करायचे ॲसिड यात कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. नळ, कड्या आणि फ्लशची बटणेही पुसावीत. त्यांना लिटरभर पाण्यात 20 मिलीलिटर हायपोक्लोराइट पुरे.

वृद्धाश्रमात धोका अधिक, कारण म्हाताऱ्या माणसांच्या अंगातले पाणी लवकर कमी होते. लघवी कमी झाली, तोंड कोरडे पडले, बोलणे असंबद्ध झाले तर ओआरएस देत डॉक्टर गाठावा. आजारी खोलीत काम करणाऱ्याने शक्यतो दुसऱ्या खोल्यांत जाऊ नये.

सगळ्यात अवघड गोष्ट स्वयंपाक्याची. उलट्या-जुलाब थांबल्यावरही निदान 48 तास त्याने जेवणाला हात लावू नये. बरे वाटल्यानंतरही शौचातून विषाणू दोन आठवडे किंवा अधिक पडत राहतो, म्हणून पुढेही साबणाची शिस्त लागते. पण रोजंदारीवरचा माणूस दोन दिवसांची मजुरी बुडवून घरी का बसेल? तो आजार लपवतो आणि पोळ्या लाटायला येतो. आमच्या वसतिगृहाच्या बैठकीत आम्ही हाच मुद्दा मांडला: त्या दोन दिवसांचे पैसे संस्थेने द्यावेत. थोडी कुरकुर झाली, पण ठराव झाला. बाटली दारावर राहिली आहे, शेजारी आता दोन नळ आणि साबण आहे.