दसऱ्यापासून मागे मोजायचं
झेंडू लावायचा ठरला की पहिली नजर पंचांगावर टाकावी. दसरा २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो २० ऑक्टोबरला येतो, म्हणजे अठरा दिवस पुढे. गेल्या वर्षीच्या तारखेलाच रोपं लावली, तर ऐन बहर पितृपक्षात सापडतो. तेव्हा लग्नं नाहीत, शुभकार्यं नाहीत, हारांची मागणी पडलेली. फूल चांगलं, झाड निरोगी, तरीही पैसे नाहीत. छोट्या शेतकऱ्याचं झेंडूत होणारं मोठं नुकसान बऱ्याचदा कीड-रोगाने नाही, असं चुकलेल्या तारखेने होतं.

म्हणून दसऱ्यापासून मागे मोजत यायचं. बियांपासून रोप तयार व्हायला तीन ते साडेतीन आठवडे लागतात. रोप शेतात गेल्यावर, शेंडा खुडला असेल तर, साधारण पन्नासाव्या दिवशी पहिला तोडा मिळतो आणि साठ ते सत्तर दिवसांच्या दरम्यान बहर येतो. २० ऑक्टोबरच्या दसऱ्यासाठी १५ ऑगस्टच्या आसपास लागवड आणि २२ जुलैच्या सुमारास बी टाकणं, असा हिशेब बसतो. मग ११ ऑक्टोबरच्या घटस्थापनेला फुलं सुरू झालेली असतात आणि अष्टमी-नवमीला झाड भरात असतं. वाण आणि हवामानाप्रमाणे यात चार-सहा दिवस इकडेतिकडे होतात, त्यामुळे रोपवाटिकेत आपल्या वाणाचे दिवस विचारूनच तारीख पक्की करावी.

शेंडा खुडणं म्हणजे लागवडीनंतर तीनेक आठवड्यांनी मधला कोंब चिमटीने काढणं. त्याने बाजूच्या फांद्या फुटतात, झाड बुटकं आणि पसरट होतं, कळ्या वाढतात. त्याबरोबर पहिलं फूल आठवडा-दहा दिवस लांबतं. लागवडीला उशीर झालेला असेल, तर मी शेंडा खुडण्याच्या फंदात पडू नये असंच सांगेन. फुलं थोडी कमी मिळाली तरी चालतील, पण ती दसऱ्याआधी मिळायला हवीत.

आता दहा गुंठ्यांचं उदाहरण घेऊ. दोन ओळींत चार फूट आणि दोन रोपांत दीड फूट ठेवलं, तर सुमारे अठराशे रोपं बसतात. अंतर जास्त वाटेल, पण परतीच्या पावसात दाट झेंडूतून वारं खेळत नाही आणि पानांवर करपा, फुलांवर कूज येते. ही अठराशे रोपं एकाच दिवशी लावू नयेत. निम्मी १५ ऑगस्टला, निम्मी महिनाअखेरीस लावावीत. दुसऱ्या निम्म्याचा बहर ८ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाला सापडतो. दसऱ्याला गावोगावचा माल एकदम उतरून भाव कोसळलाच, तर निम्मं पीक अजून हातात असतं.

भाव कोसळतो तो बहुतेक दसऱ्याच्या दिवशीच. खंडेनवमीला यंत्रं, गाड्या, अवजारं यांची पूजा होते, दसऱ्याला सकाळीच तोरणं लागतात. म्हणजे हारवाल्याची खरेदी त्याच्या एक-दोन दिवस आधी झालेली असते. पुण्याच्या गुलटेकडीला किंवा दादरच्या फूलबाजारात दसऱ्याच्या दुपारी पोहोचलेल्या क्रेटला गिऱ्हाईक शोधावं लागतं.

जवळच्या गावातल्या हारवाल्याशी थेट बोलणं झालं, तर आडत आणि लांबचं भाडं वाचतं. मात्र त्याची गरज वेगळी असते. त्याला दसऱ्यापुरते दोनशे किलो नकोत. नऊ दिवस रोज वीस-पंचवीस किलो हवेत. फूल फार मोठं नको, मध्यम, गच्च पाकळ्यांचं आणि एकसारखं हवं, म्हणजे हार सरळ बसतो. देठाकडचा हिरवा भाग त्याने दाबून पाहिला, तर नवल वाटू नये: तो मऊ पडलेला असेल तर सुईत ओवताना फूल सुटतं. केशरी जास्त आणि पिवळा थोडा, हे प्रमाणही त्यालाच लागवडीआधी विचारून घ्यावं. बहरात एक दिवसाआड तोडा होत असेल, तर शेताचे दोन भाग करून आलटून पालटून तोडावं, म्हणजे त्याला रोज ताजा माल मिळतो.

तोडा दव उडाल्यावर करावा. पावसात भिजलेलं फूल तसंच क्रेटमध्ये दाबून भरलं, तर रात्रीत आत गरम होतं आणि सकाळी मधल्या पाकळ्या काळ्या निघतात. वरून क्रेट छान दिसतं. हात आत घातला की ऊब लागते, तेव्हाच ओळखावं. असा माल गोणपाटावर सावलीत पातळ पसरून, वारं लागू देऊन मगच भरावा, आणि ओली-कोरडी फुलं एकत्र करू नयेत.