एकाहत्तरचे झाले एकोणऐंशी

विम्याच्या पॉलिसीत जन्मतारीख चुकते ती बहुधा फॉर्म भरतानाच. शाळा सोडल्याचा जुना दाखला हाताने लिहिलेला, शाई फिकी पडलेली. त्यातला १९७१ मधला शेवटचा १ जरा जास्त वळणदार निघाला, की वाचणाऱ्याला तो ९ वाटतो. फॉर्म एजंट भरतो, ग्राहक फुली मारलेल्या जागी सह्या करून मोकळा होतो आणि एकाहत्तरचा माणूस कागदावर एकोणऐंशीचा होतो. कधी दिवस आणि महिन्याची अदलाबदल होऊन ३ डिसेंबरचा १२ मार्च होतो. पॉलिसी घरी येते ती सरळ कपाटात जाते. मग दहा-बारा वर्षांनी केवायसीच्या वेळी किंवा पॉलिसीवर कर्ज काढताना खिडकीपलीकडून ऐकू येतं, ‘पॅनवरची तारीख जुळत नाही.’

लोक घाबरतात, कारण पॉलिसीच रद्द होईल असं त्यांना वाटतं. वय चुकलं एवढ्यानं तसं होत नाही. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ मध्ये वयाबद्दल वेगळी तरतूद आहे. कंपनी वयाचा पुरावा केव्हाही मागू शकते, आणि खरं वय कळल्यावर पॉलिसीच्या अटी त्याप्रमाणे जुळवून घेतल्या तर त्याला पॉलिसीवर आक्षेप घेतला असं मानलं जात नाही. पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला तिच्यावर शंका घेता येत नाही, हे या कलमातलं संरक्षण बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण वयाची दुरुस्ती त्या तीन वर्षांच्या बाहेर आहे. पॉलिसी वीस वर्षांची झाली असली तरी हप्त्यातला फरक मागितला जाऊ शकतो.

म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी पॉलिसीचा बॉण्ड काढून त्याचं पहिलं पान नीट वाचावं. त्या परिशिष्टात जन्मतारीख असते, पॉलिसी सुरू झाल्याची तारीख असते आणि विमा घेतानाचं वयही आकड्यात असतं. वय मान्य झालं आहे की नाही, याचाही रकाना असतो. यातलं वय कोणत्या तारखेशी जुळतं ते कागद-पेन घेऊन काढून पाहावं. तारीख चुकीची आणि वय मात्र खऱ्या तारखेचं, असं निघालं तर हप्ता बरोबरच आकारला गेला आहे. ती नुसती टंकलेखनाची चूक, तिचा पैशाशी संबंध नाही. वयही चुकीच्या तारखेवरून काढलेलं असेल, तर हिशेब बदलणार.

हे वय काढण्याची रीत मात्र आपल्या नेहमीच्या रीतीसारखी नसते. एलआयसीच्या बऱ्याच पारंपरिक योजनांत जवळच्या वाढदिवसाचं वय धरतात. मागच्या वाढदिवसाला सहा महिने उलटून गेले, की पुढचं वर्ष. इतर अनेक योजनांत पूर्ण झालेली वर्षंच मोजतात. आपल्या पॉलिसीत कोणती रीत आहे ते अटींत लिहिलेलं असतं. समजा पॉलिसी २८ मार्च २०१४ ला सुरू झाली आणि जवळच्या वाढदिवसाची रीत आहे. जन्म १ जून १९७५ चा असो की १५ जुलै १९७५ चा, वय ३९ च येतं, म्हणजे दीड महिन्याच्या चुकीनं हप्ता हलत नाही. पण १० सप्टेंबरऐवजी १० डिसेंबर पडलं असेल, तर ३९ चं ३८ होतं, आणि तीन महिन्यांची चूक हप्त्यात एका वर्षाची होते.

आता आपल्या एकाहत्तरच्या माणसाकडे वळू. हा बार्शीतला दुकानदार आहे असं धरा. दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९७१. (शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली ही १ जून महाराष्ट्रात लाखोंच्या वाट्याला आली आहे. आई सांगते ती तिथी वेगळी असली, तरी त्या तिथीसाठी विमा कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. कंपनी कागद बघते.) पॉलिसीत पडलं १ जून १९७९. वर म्हटलेल्या तारखेला खरं वय जवळच्या वाढदिवसानं ४३, आणि नोंदलेलं ३५. पाच लाखांची, २१ वर्षं मुदतीची एंडोमेंट पॉलिसी. वार्षिक हप्ता ३५ व्या वर्षाच्या दरानं २४,३०० रुपये आणि ४३ व्या वर्षाच्या दरानं २५,५०० रुपये असावा, असं हिशेबापुरतं मानू.

आठ वर्षांचा फरक असून वर्षाला १,२०० रुपयेच, याचं आश्चर्य वाटेल. एंडोमेंटमध्ये हप्त्याचा मोठा भाग मुदतीअखेर परत द्यायच्या रकमेसाठी साठवला जातो, आणि वयाशी बांधलेला मृत्यूच्या जोखमीचा भाग त्यामानानं लहान असतो. निव्वळ टर्म इन्शुरन्स असता, तर सगळा हप्ताच जोखमीचा, आणि त्याच आठ वर्षांनी तो दीडपट-दुपटीच्या घरात गेला असता. पेन्शनच्या पॉलिसीत गणित उलटं चालतं. तिथे वय जास्त तितकं पेन्शन जास्त, त्यामुळे कमी वय नोंदलं गेलेल्या माणसाचंच नुकसान होत असतं.

खरं वय जास्त निघालं तर एलआयसीच्या अटीप्रमाणे पहिल्या हप्त्यापासूनचा फरक व्याजासह भरावा लागतो आणि पुढचे हप्ते नव्या दरानं द्यावे लागतात. मार्च २०१४ ते मार्च २०२५ असे बारा हप्ते धरले, तर निव्वळ फरक १४,४०० रुपये. व्याज ९ टक्के चक्रवाढ मानलं तर ती रक्कम सुमारे २४,१७० होते. प्रत्यक्ष दर कंपनी ठरवते, तो विचारून घ्यावा. ‘बघू नंतर’ म्हणून आपला दुकानदार गप्प बसला, तर फरकाची रक्कम पॉलिसीवर कर्जासारखी चढत जाते आणि पैसे देताना कापून घेतली जाते. त्याच दरानं मार्च २०३५ ला, मुदत संपताना, ती ७४,००० रुपयांच्या वर जाईल. त्यातला मूळ फरक फक्त २५,२०० आहे. मधेच तो गेला, तर ही कापाकापी त्याच्या बायकोच्या क्लेममधून होईल, आणि त्या दिवसांत तिला दाखल्यावरचा १ की ९ ते समजावत बसावं लागेल.

फरक भरायचा नसेल तर काही कंपन्या दुसरी वाट देतात. हप्ता तोच ठेवून विम्याची रक्कम त्या प्रमाणात कमी करतात. वरच्या आकड्यांत पाच लाखांचे साधारण ४,७६,००० होतील. आणि खऱ्या वयात ती योजना मिळतच नव्हती, असं निघालं तर प्रकरण अवघड होतं. अशा वेळी विमेदाराच्या संमतीनं योजना किंवा मुदत बदलावी लागते, नाहीतर पॉलिसी रद्द करण्याची वेळ येते. खरं वय कमी निघालं तर जादा भरलेले पैसे परत मिळतात, पण अनेक कंपन्यांच्या अटीत ते बिनव्याजी. आपण देताना व्याज आणि घेताना नाही, हे मला पटत नाही, पण सही आपण त्याच अटींवर केलेली असते.

पुराव्यासाठी जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, पॅनकार्ड हे कागद चालतात. आधारवर भिस्त ठेवू नये. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हटलं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याला त्याहून वरचं स्थान दिलं. आपलेच दोन कागद एकमेकांशी जुळत नसतील तर आधी ते जुळवून घ्यावेत. वय एकदा मान्य झालेलं असेल, तर पूर्वी दिलेल्या पुराव्याहून भक्कम कागद लागतो. प्रस्तावाच्या फॉर्मची प्रत पॉलिसीबरोबर जोडलेली असते, तीही पाहावी. फॉर्ममध्ये तारीख बरोबर असेल तर चूक कार्यालयाची, आणि तसं पत्रात स्पष्ट म्हणता येतं.

पत्र पॉलिसी ज्या शाखेत चालू आहे तिथल्या शाखाधिकाऱ्यांच्या नावे लिहावं. मजकूर असा:

विषय : पॉलिसी क्रमांक ……… मधील जन्मतारखेची दुरुस्ती.

महोदय, वरील पॉलिसी माझ्या नावे दि. २८ मार्च २०१४ पासून चालू असून मार्च २०२५ पर्यंतचे सर्व हप्ते भरलेले आहेत. पॉलिसीच्या परिशिष्टात माझी जन्मतारीख १ जून १९७९ व वय ३५ अशी नोंद आहे. माझी खरी जन्मतारीख १ जून १९७१ आहे. प्रस्ताव भरताना शाळा सोडल्याच्या दाखल्यातील वर्ष वाचण्यात चूक झाली. दाखल्याची व पॅनकार्डची साक्षांकित प्रत सोबत जोडली आहे. कृपया नोंद दुरुस्त करावी. खऱ्या वयाप्रमाणे येणारा हप्ता, आजपर्यंतचा फरक व त्यावरील व्याज यांचा तपशीलवार हिशेब लेखी द्यावा. तो मिळाल्यावर मी रक्कम भरीन. दुरुस्तीचे पृष्ठांकन करून मूळ पॉलिसी परत मिळावी, ही विनंती.

‘जो होईल तो फरक भरण्यास मी तयार आहे’ असं आधीच लिहून देऊ नका. हिशेब हातात येऊ द्या, त्यात सुरुवातीचं वय आणि व्याजाचा दर तपासा, मग पैसे भरा. चूक कार्यालयाची असेल तर ‘वाचण्यात चूक झाली’ या वाक्याच्या जागी ‘प्रस्तावातील तारीख बरोबर असून पॉलिसीत ती चुकीची उतरली आहे’ असं लिहावं, आणि व्याज माफ करण्याची मागणी त्याच पत्रात करावी. मूळ बॉण्ड देण्याआधी त्याची संपूर्ण झेरॉक्स काढून ठेवावी आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पॉलिसी गृहकर्जासाठी बँकेकडे तारण असेल तर बॉण्ड तिथेच असतो, तेव्हा बँकेलाही कळवावं लागतं.

दुरुस्ती झाल्यावर एक गोष्ट हमखास राहून जाते. हप्ता बँक खात्यातून आपोआप कापला जात असेल, तर बँकेला दिलेल्या परवानगीतली कमाल रक्कम नव्या हप्त्याहून कमी असू शकते. मग हप्ता परत जातो आणि सवलतीचे दिवस उलटले की पॉलिसी बंद पडते. म्हणून पृष्ठांकन हातात आलं की ती मर्यादा पाहावी, आणि पुढच्या पावतीवर नवी रक्कम आली का तेही. पत्राला महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा हिशेब पटला नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तिथेही महिनाभरात दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत, तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. पोच घेतलेली ती दुसरी प्रत तिथे पहिल्यांदा मागतात.