दूध कोमट होणार केव्हा?

दही चांगले लागण्यासाठी विरजण योग्य तापमानाला घालावे लागते. साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस हे तापमान विरजणातील जिवाणूंना मानवते. दूध त्याहून बरेच गरम असेल तर जिवाणूंची वाढ खुंटते, काही मरतातही. अगदी गार झाले तर दही लागण्यास फार वेळ लागतो. घरोघरी बोट बुडवून हा अंदाज घेतला जातो. परंतु दूध केव्हा कोमट होईल, हे आधीच सांगता येते काय? त्याचे उत्तर आयझॅक न्यूटन यांनी १७०१ साली मांडलेल्या नियमात आहे.

तापवलेल्या लोखंडाच्या थंड होण्याचा अभ्यास करून न्यूटन यांनी असे सुचवले, की वस्तू थंड होण्याचा वेग तिच्या व सभोवतालच्या हवेच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो. फरक मोठा तर तापमान झपाट्याने उतरते. फरक निम्मा झाला की उतरण्याचा वेगही निम्मा होतो. म्हणूनच वेळ आणि तापमान यांचा आलेख काढला तर सरळ रेषा मिळत नाही. प्रारंभी तीव्र उतार आणि पुढे सपाट होत हवेच्या तापमानाकडे झुकणारा वक्र मिळतो.

याचा उपयोग एका उदाहरणाने पाहू. स्वयंपाकघरातील हवा २५ अंश आहे. गॅसवरून उतरवलेल्या दुधाचे तापमान ८५ अंश भरले आणि दहा मिनिटांनी ते ७३ अंश झाले. दहा मिनिटांत १२ अंश उतरले, तेव्हा ४० अंश उतरण्यास सुमारे ३३ मिनिटे लागतील, असा हिशेब कोणीही सहज करील. हा हिशेब चुकीचा आहे.

येथे तापमान नव्हे, तर हवेशी असलेला फरक मोजायचा. प्रारंभी तो ६० होता, दहा मिनिटांनी ४८ झाला, म्हणजे ०.८ पट उरला. नियमानुसार पुढील प्रत्येक दहा मिनिटांत तो ०.८ पटच उरणार. वीस मिनिटांनी ३८.४, तीस मिनिटांनी ३०.७, चाळीस मिनिटांनी २४.६ आणि पन्नास मिनिटांनी १९.७. त्यात हवेचे २५ अंश मिळवले की दुधाचे तापमान अनुक्रमे ६३.४, ५५.७, ४९.६ आणि ४४.७ अंश येते. विरजणाची वेळ पन्नासाव्या मिनिटाला येते. तेहतिसाव्या मिनिटाला दूध अजून जवळजवळ ५४ अंशांवर असते आणि तेव्हा घातलेले विरजण वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

मधल्या कोणत्याही क्षणाचे तापमान हवे असल्यास हेच सूत्ररूपाने लिहितात:

T = Ts + (T0 − Ts) × e^(−kt)

येथे Ts हे हवेचे, T0 हे आरंभीचे तापमान आणि t ही मिनिटे. k हा त्या भांड्याचा स्थिरांक. वरील उदाहरणात तो मिनिटाला ०.०२२३ येतो.

उन्हाळ्यात हवा ३५ अंश असेल तर काय होते? भांडे व दूध तेवढेच धरले तर आरंभीचा फरक ५० आणि कोमट तापमानाला उरणारा फरक केवळ १०. तेथवर पोहोचण्यास सुमारे ७० मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. हवा दहाच अंशांनी तापली, पण प्रतीक्षा वीस मिनिटांहून अधिक वाढली. भांडे बदलले की स्थिरांकही बदलतो. त्याच आकाराचे, पण प्रत्येक बाजूने दुप्पट पातेले घेतले तर दूध आठपट मावते, मात्र उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग चौपटच होतो. साहजिकच ते सुमारे निम्म्या वेगाने थंड होते. एका पातेल्याचा हिशेब दुसऱ्याला लावता येत नाही.

नियमाला मर्यादाही आहेत. तापमानांतील फरक फार मोठा असेल तर तो अचूक ठरत नाही, हे द्यूलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८१७ च्या सुमारास दाखवले. उघड्या दुधाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. प्रारंभी वाफेवाटे बरीच उष्णता निघून जाते. पुढे दूध निवते, साय धरते आणि बाष्पीभवन मंदावते. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांवरून काढलेला वेग वास्तवापेक्षा अधिक भरतो.

हे ओळखण्यासाठी विसाव्या मिनिटाला तिसरी नोंद घ्यावी. नियमाप्रमाणे ६३.४ अंश हवेत. प्रत्यक्षात ६५ भरले तर फरक ४८ वरून ४० झाला, म्हणजे ०.८३ पट. पुढील हिशेब याच नव्या गुणोत्तराने केला की कोमट होण्याची वेळ ५० ऐवजी सुमारे ५८ मिनिटे येते. मात्र मध्येच दूध ढवळले, झाकण ठेवले वा पंखा लावला, तर आधीच्या नोंदी निरुपयोगी ठरतात आणि मोजणी नव्याने सुरू करावी लागते.