रसायनाचे पत्ते

अभनपुरातील बारावीचा विद्यार्थी हॅलोअल्केनचा पाठ पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर उतरवू लागला, की पुढील बाजूस ‘२-ब्रोमोप्रोपेन आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड’ एवढेच लिहिण्याचा मोह त्यास होतो. मग मागील बाजूस काय लिहावे? हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळविलेले असेल, तर ते ब्रोमीनच्या जागी बसते आणि मुख्यतः २-प्रोपेनॉल मिळते. मद्यार्कात विरघळवून तापविले, तर ब्रोमीनबरोबर शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजनही निघून जातो आणि प्रोपीन तयार होते. तेव्हा द्रावक आणि उष्णता यांचा उल्लेख पुढेच हवा. मागे उत्पादित आणि इलेक्ट्रॉनांची वाट दाखविणारे बाण. पुढील बाजू वाचून दोन उत्तरे संभवत असतील, तर त्या एका पत्त्याचे दोन करावेत.