हलकं नव्हे, सोपं

जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस कसं द्यायचं, यावरच्या छोट्या माहितीपटाची स्क्रिप्ट मी एका संस्थेसाठी लिहीत होतो. पहिल्या ड्राफ्टवर संस्थेतल्या ताईंचा दोन ओळींचा निरोप आला : "छान आहे, पण फार गंभीर वाटतंय, थोडं हलकं करा. आणि जरा लांबतंय."

मी हलकं केलं. एक बडबडी शेजारीण घातली, तिच्या तोंडी दोन-तीन विनोद घातले. शेजारीण आली तसे संवादही आले आणि स्क्रिप्ट आणखी वाढली. दुसऱ्या पुनर्लेखनासाठी जी टिपण आली ती मात्र मी जपून ठेवली आहे. ती साधारण अशी होती :

"नमस्कार सर. ही फिल्म प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाहेरच्या खोलीत लागणार आहे. समोर बसलेल्या बाईच्या मांडीवर आजारी मूल असेल. तिला हसवायचं नाही आणि घाबरवायचंही नाही. मी 'हलकं' म्हटलं ते चुकलं, मला 'सोपं' म्हणायचं होतं. शेजारीण काढा. चौथ्या दृश्यातले 'निष्काळजी माता' हे शब्द काढा. लांबी शेवटची पाटी धरून २ मिनिटं. पुडी आणि पाण्याचं प्रमाण, २४ तास, झिंक, धोक्याची लक्षणं हा मजकूर डॉक्टरांनी तपासलेला आहे, त्याचा अर्थ बदलू नका. बाकी कसं मांडायचं ते तुम्ही ठरवा."

लेखकाला हवं ते सगळं या टिपणीत आहे. 'गंभीर', 'हलकं', 'भावनिक' या शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो. पण ऐकणारी बाई कुठे आणि कशी बसली आहे हे कळलं, की सूर आपोआप सापडतो. खटकणारा शब्द बोट ठेवून दाखवला होता, त्यामुळे बाकीच्या दृश्यांत तोच दोष मला स्वतःला शोधता आला. 'मातांनी बालकास वारंवार द्रावण पाजावे' हे वाक्य कुणालाच खटकलं नव्हतं, पण त्यातही तोच सरकारी दरारा होता. ते झालं : 'जुलाब झाला की दर वेळी वाटी-चमच्यानं थोडं थोडं पाजा.'

लांबीचं काम हिशेबाचं आहे. माहितीपटाचा मराठी मजकूर स्वच्छ आणि निवांत वाचला, तर माझ्या अनुभवात मिनिटाला ११०च्या आसपास शब्द होतात. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द लांब होतात आणि इंग्रजीचं गणित इथे लागू पडत नाही. २ मिनिटं म्हणजे १२० सेकंद. त्यातली २५ सेकंद शांत दृश्यांसाठी आणि पाटीसाठी ठेवली, की उरतात ९५. त्यात साधारण १७५ शब्द बसतात. माझ्या ड्राफ्टमध्ये ३१० शब्द होते, म्हणजे फिल्म जवळपास सव्वातीन मिनिटांची झाली असती. निवेदकाला भरभर वाचायला लावून ती भरून निघत नाही, कारण मग प्रमाणच कानावरून निसटतं.

१३५ शब्द कुठून काढायचे? शेजारणीबरोबर ७० गेले. उरलेले दोन रकान्यांतून निघाले. अशा स्क्रिप्टमध्ये डावीकडे दृश्य आणि उजवीकडे आवाज लिहितात. डावीकडे 'आई साबणाने हात धुते' असं असताना उजवीकडेही तेच लिहिलं होतं. जे डोळ्यांना दिसतं ते आवाजाने सांगायची गरज नसते. अशी वाक्यं एकेक करून काढली.

एका ठिकाणी मात्र मी शब्द वाढवले. 'एक पुडी एक लिटर पाण्यात' एवढंच होतं. पण थोडंच द्रावण हवं म्हणून अर्धी पुडी अंदाजाने पेलाभर पाण्यात टाकली जाते, आणि ते फार दाट झालं तर मुलाला अपाय होऊ शकतो. म्हणून लिहिलं : 'पूर्ण पुडी, पूर्ण एक लिटर स्वच्छ पाणी. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.' झिंकच्या वाक्यालाही 'जुलाब थांबले तरी १४ दिवस' ही जोड हवीच होती, कारण बरं वाटलं की गोळ्या बंद होतात. मूल मलूल पडलं, काही पीत नसलं किंवा शौचातून रक्त गेलं, तर लगेच दवाखान्यात न्यायला सांगणारं वाक्य शेवटी एकटं ठेवलं आणि त्याच्यानंतर दोन सेकंद शांतता.

टिपण कितीही चांगली असली, तरी ती एकाच माणसाकडून यावी लागते. संस्थेतल्या पाच जणांनी आपापली मतं वेगवेगळी कळवली, तर एकाच दृश्यावर 'वाढवा' आणि 'कापा' हे दोन्ही शेरे येतात, आणि लेखक मग कुणालाच न दुखावणारं गुळमुळीत काहीतरी लिहितो. ताईंनी सगळ्यांचं ऐकून, मतभेद आधी मिटवून, मगच मला लिहिलं होतं.

नवा ड्राफ्ट पाठवण्याआधी घड्याळ लावून तीनदा मोठ्याने वाचला. तिसऱ्या वेळी शांततेच्या जागा धरून १ मिनिट ५७ सेकंद भरले. ताईंनी तो दोन आशाताईंना वाचून दाखवला आणि एकच दुरुस्ती कळवली : 'द्रावण' नको, 'ओआरएसचं पाणी' म्हणा.