चारशेची केबल, दोनशेचा भार

साडेतीन कोअरची, ३०० स्क्वेअर एमएमची, ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल घ्यायची ठरली, की कंपनीचा तक्ता उघडला जातो. इन्सुलेशन एक्सएलपीईचं असेल, तर ‘जमिनीत’ या रकान्यात साधारण ४०० अँपिअर असा आकडा सापडतो. एकूण भाराला त्याने भागलं की केबल किती टाकायच्या ते ठरतं आणि ऑर्डर जाते. त्याच तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत चार अटी छापलेल्या असतात: जमिनीचं तापमान ३० अंश, मातीचा उष्णतारोध १५०, खोली ७५ सेंटीमीटर, आणि चरात एकटीच केबल. ४०० हा आकडा या चार अटी पाळल्या तरच खरा आहे. आपल्याकडच्या कित्येक चरांत त्यातली एकही धड पाळली जात नाही.

या अटी का असतात, हे कळायला केबलमधली उष्णता पाहावी लागते. तारेतून वीज वाहिली की ती तापते. वर सांगितलेल्या केबलमधून ४०० अँपिअर वाहू लागले, तर तिच्या तीन कोअरमध्ये मिळून दर मीटरला सुमारे ६० वॉट उष्णता तयार होते. जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब दर मीटरला एक, असे ओळीने पुरून रात्रंदिवस चालू ठेवावेत, तेवढी ही उष्णता. ती बाहेर पडायला एकच वाट आहे: इन्सुलेशनमधून मातीत आणि मातीतून वर जमिनीच्या पृष्ठभागाकडे. एक्सएलपीई सतत ९० अंशांपर्यंत टिकतं. जमीन ३० अंशांवर असेल, तर तापायला ६० अंशांची मुभा मिळते. त्यातला बहुतांश वाटा केबलच्या आत नव्हे, तर मातीतच खर्च होतो. म्हणजे केबल किती प्रवाह वाहील, हे तिच्या धातूइतकंच तिच्याभोवतालची माती ठरवते.

आता एक नेहमीची मांडणी घेऊ. विदर्भातला एक कारखाना आहे. ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, दुय्यम बाजूला ४३३ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भाराला ८४० अँपिअर. ट्रान्सफॉर्मरपासून मुख्य पॅनेलपर्यंत ३०० स्क्वेअर एमएमच्या तीन केबल समांतर टाकल्या आहेत. चारशे त्रिक बाराशे. ८४० साठी भरपूर झाले, असं सगळ्यांना वाटतं. चर काँक्रीटच्या उघड्या आवारातून जातो, तिन्ही केबल एकमेकींना चिकटून आहेत आणि चर बुजवताना उकरलेलीच माती परत टाकली आहे.

पहिली कपात तापमानाची. दिवसभर उन्हात तापणाऱ्या काँक्रीटखाली, उन्हाळ्याच्या शेवटी जमिनीचं तापमान ३० धरून चालत नाही. ४० धरलं, तर ६० ऐवजी ५० अंशांचीच मुभा उरते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून प्रवाह पाच-षष्ठांशाच्या वर्गमुळाइतका खाली येतो: ०.९१. इन्सुलेशन पीव्हीसीचं असतं, तर हाच फटका मोठा बसला असता. पीव्हीसीची मर्यादा ७० अंशांची, त्यामुळे मुभा ४० वरून ३० वर येते आणि गुणक ०.८७ होतो.

दुसरी कपात मातीची, आणि खरी मेख इथेच आहे. तक्त्यातला १५० हा उष्णतारोध अंश-सेंटीमीटर प्रति वॉट या एककात असतो. मातीचे खनिज कण, विशेषतः क्वार्ट्झचे, उष्णता चांगली वाहून नेतात. पाणी त्यांच्या मानाने कमी नेतं आणि हवा तर पाण्याच्या जवळपास विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याइतकीच नेते. ओल्या मातीत कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे पाणी साचून राहतं आणि उष्णतेला एका कणावरून दुसऱ्यावर जायला वाट मिळते. माती सुकली की त्या जागी हवा येते. माती तीच, पण तिचा रोध दुप्पट-अडीचपट होतो. काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. पावसाळ्यात फुगणारी ही माती उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. भेग केबलपर्यंत पोचली, तर तिथे मातीऐवजी हवाच असते. कोरड्या मातीसाठी रोध २५० धरला, तर गुणक साधारण ०.८० येतो.

इथे एक दुष्टचक्रही सुरू होऊ शकतं. केबलचा पृष्ठभाग दीर्घकाळ ५० अंशांच्या वर राहिला, की लगतच्या मातीतली ओल वाफेच्या रूपाने दूर सरकू लागते. सुकलेल्या मातीचा रोध वाढतो, म्हणून केबल आणखी तापते आणि कोरडा पट्टा रुंदावतो. ही क्रिया तासांची नव्हे, दिवसांची आणि आठवड्यांची असते. त्यामुळे जानेवारीत घेतलेल्या चाचणीत उत्तम ठरलेली केबल मे महिन्यात, त्याच भाराला, जाऊ शकते. वाळूबद्दलचा एक गैरसमजही इथे दूर करायला हवा. केबलच्या खाली-वर वाळू घालतात, ती दगडाच्या टोकापासून आवरण वाचवण्यासाठी. एकसारख्या गोल कणांच्या वाळूत पोकळ्या फार असतात आणि पाणी झटकन निचरून जातं. कोरडी झाल्यावर ती उष्णतेच्या दृष्टीने वाईट भरणी ठरते.

तिसरी कपात शेजाराची. एकटी केबल आपली उष्णता चारी बाजूंच्या मातीत सोडते. शेजारी दुसरी तेवढीच तापलेली केबल असेल, तर त्या बाजूची माती आधीच गरम असते. तीन केबल चिकटून असल्या की मधलीची अवस्था सर्वांत वाईट, आणि हिशेब मधलीचाच धरावा लागतो. तक्त्यांमध्ये जमिनीतल्या तीन चिकटलेल्या केबलना साधारण ०.६९ गुणक दिलेला असतो. दोन केबलमध्ये ३० सेंटीमीटर अंतर ठेवलं तर तो ०.७९ च्या आसपास जातो. सगळ्या केबल भारित आहेत असं धरलेले हे गुणक आहेत. एखादी केबल तिच्या क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी भारावर चालत असेल, तर ती सहसा मोजणीतून वगळली जाते.

आता तिन्ही गुणक एकत्र लावू. ४०० ला ०.९१, ०.८० आणि ०.६९ ने गुणलं की सुमारे २०० अँपिअर उरतात. तीन केबलचे मिळून ६००. हवे होते ८४०. बाराशेचा भरवसा ज्यावर ठेवला होता, तो संच प्रत्यक्षात गरजेपेक्षा २४० अँपिअरने अपुरा आहे.

पूर्ण भार आला की प्रत्येक केबलच्या वाट्याला २८० अँपिअर येतात. २०० ला केबल ५० अंशांनी तापत असेल, तर २८० ला वर्गाच्या हिशेबाने जवळपास ९८ अंशांनी तापेल. म्हणजे धातूचं तापमान १३५ अंशांच्या वर जाईल. धातू तापला की त्याचा विद्युतरोधही वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून वरच असेल. एक्सएलपीईसाठी मर्यादा ९० ची होती. आणि ब्रेकर? तो तक्त्यातल्या ४०० प्रमाणे लावला आहे. त्याच्या दृष्टीने २८० हा सुखाचा भार आहे. तो ट्रिप होणार नाही. क्लॅम्प मीटर लावला तरी २८० च दिसेल आणि वायरमन म्हणेल, सगळं ठीक आहे. ब्रेकर प्रवाह मोजतो. चर किती तापला आहे, ते त्याला कळत नाही. इन्सुलेशन एका रात्रीत वितळत नाही. ते तपकिरी पडत जातं, ठिसूळ होतं, आणि एखाद्या दिवशी, बहुधा जॉइंटपाशी, शॉर्ट होतं. मग ‘केबल खराब निघाली’ असा शेरा मारून तीच केबल त्याच चरात पुन्हा टाकली जाते.

यावर सर्वांना प्रथम सुचणारा उपाय म्हणजे आणखी एक केबल. ती त्याच चरात चिकटवून टाकली, तर चार केबलचा गुणक ०.६२ होतो. प्रत्येकीची क्षमता १८० वर येते आणि चौघींची मिळून सुमारे ७२०. चारशेची म्हणून घेतलेल्या चौथ्या केबलने जेमतेम १२० अँपिअर दिले आणि ८४० अजूनही गाठले नाहीत. आता त्याच चार केबल ३० सेंटीमीटर अंतराने टाका. गुणक ०.७४ होतो, प्रत्येकीला २१५ आणि एकूण ८६० अँपिअर. माती कोरडी, जमीन तापलेली, तरीही भार पेलला जातो. त्यासाठी चर सव्वा-दीड मीटर रुंद खणावा लागतो. खोदाईचा हा खर्च तांब्या-ॲल्युमिनियमच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

दुसरी वाट मातीची. केबलभोवती उकरलेली माती न टाकता, लहानमोठ्या कणांची आणि बारीक भुकटी असलेली, नीट दाबलेली भरणी टाकायची. किंवा वाळूत थोडं सिमेंट मिसळून, साधारण चौदाला एक, कमकुवत मिश्रण करायचं. असं मिश्रण पूर्ण सुकलं तरी त्याचा रोध १२० च्या आसपास राहतो. केबलभोवतीचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण उष्णता तिथेच सर्वांत दाटीने वाहते. मात्र चराच्या पलीकडची माती कोरडीच असते, म्हणून भरणीचा फायदा पूर्ण धरता येत नाही. ३० सेंटीमीटर अंतरावरच्या तीन केबलना तक्त्यातली १५० ची माती मिळाली, तर कागदावर ८६० येतात. पण केवळ भरणी बदलून ते सगळे मिळतील, असं मानू नये.

मातीचा रोध अंदाजाने धरण्याची गरज नसते. हीटर आणि तापमापक असलेली एक लांब सुई मातीत खोचतात, ठरावीक वॉट देतात आणि तापमान किती वेगाने चढतं त्यावरून रोध काढतात. चाचणी अर्ध्या तासात होते. ती कधी करायची हे मात्र महत्त्वाचं. ऑगस्टमध्ये मोजलेली माती मे महिन्याबद्दल काही सांगत नाही. ऑगस्टमध्येच मोजायची वेळ आली, तर नमुना प्रयोगशाळेत नेऊन टप्प्याटप्प्याने सुकवावा आणि प्रत्येक टप्प्याला मोजावं.

तुमच्या सोसायटीत, कारखान्यात किंवा शेतावर नवी केबल पडणार असेल, तर चर बुजण्याआधी ठेकेदाराला तीन प्रश्न विचारा. जमिनीचं तापमान किती धरलं? मातीचा रोध किती धरला आणि तो कोणत्या महिन्यात मोजला? शेजारी किती केबल, किती अंतराने? तिन्ही उत्तरं आणि त्यांवरून काढलेला अंतिम आकडा कागदावर घ्या, आणि ब्रेकरची सेटिंग तक्त्यातल्या ४०० वर नव्हे, तर त्या अंतिम आकड्यावर करून घ्या.