शेकडा एक रुपयाचा हिशेब

वऱ्हाडात व्याज बोलायची जुनी रीत 'शेकड्या'ची आहे. 'दोन रुपये शेकडा' म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला दोन रुपये, वर्षाचे चोवीस टक्के. या बोलीत एक गोष्ट गृहीत असते: व्याज उरलेल्या रकमेवर चालते. पन्नास हजारांतले पंचवीस हजार फेडले, तर पुढचे व्याज पंचवीस हजारांवरच. हे सांगावे लागत नाही, देणारा आणि घेणारा दोघेही ते धरून चालतात. क्रेडिट कार्डावरची खरेदी मासिक हप्त्यांत बदलून देणारा फोन येतो आणि पलीकडचा माणूस 'फक्त एक टक्का' म्हणतो, तेव्हा ऐकणारा हाच अर्थ घेतो. बिलात मात्र दुसराच हिशेब येऊ शकतो. तो कसा ओळखायचा आणि जास्तीचे पैसे परत कसे मागायचे, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू.

अकोल्याच्या एका शिक्षिकाबाईंनी दिवाळीपूर्वी अमरावतीच्या दुकानातून फ्रिज आणि धुलाई यंत्र घेतले. कार्डावर ६०,००० रुपये लागले. घरची थोडी शेती आहे. कापूस विकून हाती पैसा यायला जानेवारी उजाडतो, म्हणून खरेदीनंतर बँकेचा संदेश आला तेव्हा त्यांना तो सोयीचा वाटला. संदेशात बारा हप्ते आणि 'व्याज वर्षाला १२ टक्के' एवढेच होते. नंतर आलेल्या फोनवर 'म्हणजे महिन्याला एकच टक्का' असे सांगण्यात आले. फीचा उल्लेख झाला नाही. बाईंनी होकार दिला. पहिले बिल घेऊन त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता : "शेकडा एक रुपया सांगतला, मंग हे पैसे कायचे?"

बिलात हप्ता ५,६०० रुपयांचा होता. त्याशिवाय प्रक्रिया शुल्क १,२०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१६ रुपये. पहिल्या हप्त्यात मुद्दल ४,५२७ आणि व्याज १,०७३ रुपये दाखवले होते. त्या व्याजावर पुन्हा १९३ रुपये जीएसटी.

खरा दर शोधायला इथे एकच भागाकार पुरतो. पहिल्या हप्त्यातले व्याज भागिले पूर्ण मुद्दल. १,०७३ ला ६०,००० ने भागले की १.७९ टक्के येतात. म्हणजे बोलणे झाले शेकडा एक रुपयाचे आणि घेतला गेला शेकडा पावणेदोन रुपयांहून थोडा जास्त. त्याला बाराने गुणले की वर्षाचा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. खरोखर १२ टक्के असते, तर पहिल्या महिन्याचे व्याज ६०० रुपये दिसले असते. पहिला हप्ता कधी महिन्यापेक्षा कमी-जास्त दिवसांचा असतो, त्यामुळे हाच भागाकार दुसऱ्या बिलावर करून पाहावा. तिथे व्याज ९९२ आणि उरलेले मुद्दल ५५,४७३ होते. उत्तर तेच आले.

बारा टक्क्यांचे साडेएकवीस झाले ते असे. बँकेने ६०,००० वर १२ टक्क्यांनी वर्षाचे ७,२०० रुपये व्याज धरले, ते मुद्दलात मिळवले आणि ६७,२०० ला बाराने भागले. याला सपाट दर म्हणतात. यात बाई दर महिन्याला मुद्दल फेडत होत्या, पण व्याज मात्र त्यांच्याकडे वर्षभर पूर्ण साठ हजार असल्यासारखे लावलेले होते. प्रत्यक्षात शेवटच्या महिन्यात त्यांच्याकडे साडेपाच हजारच उरणार होते. घटत्या शिलकीवर १२ टक्के लावले असते तर हप्ता ५,३३१ रुपये आला असता आणि वर्षाचे व्याज ३,९७१ रुपये. सपाट दराचा आकडा जवळपास दुप्पट करून पाहावा, हा ढोबळ नियम बारा महिन्यांच्या कर्जाला बऱ्यापैकी लागू पडतो.

दुसरी भर जीएसटीची. साध्या कर्जाच्या व्याजावर हा कर नाही, पण क्रेडिट कार्ड सेवेतल्या व्याजाला ती सूट मिळत नाही. म्हणून प्रत्येक हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के कर चढतो. बाईंच्या बाबतीत वर्षभराचा हा कर १,२९६ रुपये झाला असता. तिसरी भर शुल्काची. ते सुरुवातीलाच जाते, म्हणून त्याचा भार दिसतो त्याहून मोठा असतो. व्याज ७,२००, त्यावरचा कर १,२९६, शुल्क करासह १,४१६, असे मिळून ९,९१२ रुपये. या सगळ्याला व्याज मानून वार्षिक दर काढला, तर तो ३० टक्क्यांच्या जवळ जातो. आपल्या बोलीत शेकडा अडीच रुपये.

आता प्रश्न असा की यात तक्रार कशाची करायची. 'दर फार जास्त आहे' ही तक्रार टिकत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती, पण २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा दराच्या उंचीवर बोट ठेवून फारसे काही मिळत नाही. बोट ठेवायचे ते सांगितलेला दर आणि लावलेला दर यांतल्या फरकावर.

त्यासाठी आधार रिझर्व्ह बँकेचा आहे. सप्टेंबर २०१३ मध्येच तिने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते आणि अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने लपवले जाते. पुढे एप्रिल २०२२ मध्ये कार्डांविषयी सविस्तर निर्देश निघाले, ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यांत म्हटले आहे की व्यवहार हप्त्यांत बदलण्यापूर्वी मुद्दल, व्याज आणि दिलेली सवलत ग्राहकाला स्पष्ट दाखवली पाहिजे, आणि तीच माहिती बिलातही वेगळी दिसली पाहिजे. यातला 'पूर्वी' हा शब्द महत्त्वाचा. बिलात आकडे नीट छापले म्हणून होकाराआधी सांगण्याची जबाबदारी सुटत नाही. याच निर्देशांनुसार ग्राहकाने बिलावर हरकत घेतली, तर बँकेने जास्तीत जास्त तीस दिवसांत खुलासा आणि जरूर तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो.

बाईंनी बिल आल्याच्या चौथ्या दिवशी बँकेच्या तक्रार विभागाला ईमेलने पत्र पाठवले. त्याचा गाभा असा होता :

"आपल्या संदेशात वर्षाला १२ टक्के व्याज सांगितले होते. 'सपाट' हा शब्द किंवा शुल्क त्यात नव्हते. बिलातल्या पहिल्या हप्त्याच्या व्याजावरून दर सुमारे २१.५ टक्के येतो. होकारापूर्वी मुद्दल व व्याजाची फोड मला दाखवली असल्यास तिची प्रत आणि त्या दिवशीच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण द्यावे व ते जपून ठेवावे. प्रक्रिया शुल्क १,२०० व त्यावरील जीएसटी २१६ रुपये परत जमा करावेत. हप्ते घटत्या शिलकीवरील १२ टक्क्यांनी पुन्हा बांधावेत, अथवा मुदतपूर्व बंद करण्याचे शुल्क न लावता हे हप्ते रद्द करावेत."

पत्रात एकूण मागणीचा आकडाही होता : ५,२२६ रुपये. सांगितल्याप्रमाणे व्याज आणि त्यावरचा कर मिळून ४,६८६ झाले असते, लावलेले ९,९१२ होते, हा त्यांतला फरक. जीएसटीची मागणी वेगळी लिहायला हवी. नाहीतर शुल्क परत येते आणि त्यावरचा कर तसाच राहतो.

दोन पर्याय मागण्यामागे कारण आहे. हप्ते रद्द झाले की उरलेले सगळे मुद्दल पुढच्या बिलात एकदम येते. तेवढे पैसे हाताशी नसतील, तर ती रक्कम कार्डाच्या नेहमीच्या थकबाकीत जाते, आणि तिथला दर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर असू शकतो. अशा वेळी महाग हप्तेसुद्धा थकबाकीपेक्षा स्वस्त पडतात. त्यामुळे पैसा येण्याची तारीख पाहूनच रद्द करण्याचा पर्याय घ्यावा. आणि तक्रार चालू असताना हप्ता भरत राहावे, 'हरकत राखून भरत आहे' असे बँकेला कळवून. वादापायी हप्ता थांबवला की विलंब शुल्क चढते आणि मूळ प्रश्नात दुसरा प्रश्न मिसळतो.

बँकेचे पहिले उत्तर ठरावीक होते : शुल्क परत मिळत नाही, दर सपाट आहे, अटी संकेतस्थळावर आहेत. ध्वनिमुद्रणाबद्दल एक शब्द नव्हता. तीस दिवस झाल्यावर बाईंनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवली. याला फी नाही आणि कुठे जावे लागत नाही. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली असणे ही मुख्य अट, म्हणून ते पहिले ईमेल आणि त्याचा तक्रार क्रमांक मोलाचा. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, तेव्हा अकोल्याच्या माणसाने अकोल्यातच जावे. एकाच प्रश्नावर दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावता येत नाहीत. आयोगापुढे दावा चालू असेल तर लोकपाल ती तक्रार घेत नाही.

लोकपालाचा निर्णय होण्याआधीच बँकेने समझोता सुचवला. शुल्क व त्यावरचा कर, १,४१६ रुपये, परत जमा झाले. तीन हप्ते गेल्यावर उरलेले ४६,१७४ रुपये मुद्दल बाईंनी कापसाच्या पैशातून एकदम भरले आणि बंद करण्याचे शुल्क लागले नाही. पुढच्या नऊ हप्त्यांतले सुमारे ४,२२६ रुपये व्याज आणि त्यावरचा कर वाचला. पहिल्या तीन महिन्यांत चढ्या दराने गेलेले मात्र परत आले नाही. ते मिळवायचे तर निर्णयापर्यंत थांबावे लागले असते, आणि तोवर महिन्यागणिक तेच व्याज भरावे लागले असते. बाईंनी हिशेब करून समझोता घेतला.

यातला सगळ्यात स्वस्त क्षण होकाराच्या आधीचा असतो. फोनवरच्या माणसाला दर विचारू नये. दराला दोन अर्थ असतात, रुपयांना एकच. 'पहिल्या महिन्याच्या हप्त्यात व्याज किती रुपये, शुल्क किती, त्यावर कर किती, हे आधी लिहून पाठवा' एवढे म्हणावे. साठ हजारांवर उत्तर ६०० आले, तर तो शेकडा एक रुपया. १,०७३ आले, तर तो नाही.